मोर, बदकं आणि मानीव दाखला

«मार्चमध्ये म्युनिकला निघतोय आम्ही, तिघंही. कुकर, मसाले, थर्मल, औषधं यांच्या याद्या सगळ्यांनी दिल्यात, त्या आता नकोत. तू मला गाण्यांची यादी दे. कुठली नेऊ आणि का, तेही लिही. आणि खरं सांग, जमेल ना गं मला तिथं?»

अगं, चार दिवस झाले तुझा मेसेज येऊन. रोज उत्तर लिहायला बसते आणि रोज दुसरंच काहीतरी लिहून पुसते. पहिल्या दिवशी तीस गाण्यांची यादी केली होती. दुसऱ्या दिवशी वाचली तर कुठल्याही दिवाळी पहाटेचा कार्यक्रम वाटला. त्यातली सातच ठेवलीत, आणि एक तर नेऊच नकोस म्हणून सांगायला ठेवलंय. व्हिसा, घराची नोंदणी, आरोग्यविमा यातलं काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी पानांवर नीट मिळतं. माझ्याकडे आहे ते बारा वर्षांत साठलेलं, त्यामुळे जरा लांबेल. चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे गाणंच नाही. आकाशवाणीची ती सुरुवातीची धून. आठवते ना, पहाटे सांगली केंद्र सुरू होण्याआधी वाजायची ती? तुमच्याकडे रेडिओ फडताळावर, आमच्याकडे देवघराच्या कोनाड्यात, आणि धून सुरू झाली की आई पांघरूण ओढायची. मी ती इथे आल्यापासून गजर म्हणून लावलेय. कारण साधं होतं, ती वाजली की कुठे आहे हे कळायच्या आत अंग उठून बसतं. पण पाच-सहा वर्षांपूर्वी वाचलं की ही धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमन म्हणजे जर्मन बोलणारे ज्यू. 1907 साली कार्ल्सबादला जन्मलेले, बर्लिनला शिकलेले. हिटलर आल्यावर 1934 मध्ये मुंबईला आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात संगीताचं काम बघायला लागले. ते कार्ल्सबाद आता चेक देशात आहे, म्युनिकहून गाडीनं तीन-चार तासांवर. म्हणजे ज्या आवाजानं आपलं अख्खं बालपण उठलं, शिवरंजनीतली ती व्हायोलिनची ओळ, ती एका निर्वासिताच्या हातून आलेली. तिकडून इकडे आलेल्या माणसाची धून मी इकडून तिकडे घेऊन गेले. 1946 ला त्यांनी मुंबई सोडली. बारा वर्षं राहिले, माझी यंदा तेवढीच झाली. हे वाचल्यावर मी गजर बंद करायचा विसरले आणि नवरा म्हणाला, आता पूर्ण बातम्या ऐकवणार आहेस का.

त्याच्यामागून लावायला ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ घे. होनाजी बाळाची भूपाळी, ‘अमर भूपाळी’ चित्रपटातली, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर. वसंत देसाईंची चाल. हे गाणं मी तुला कारणासकट देते आहे, कारण या गाण्याशी माझं दर हिवाळ्यात भांडण होतं. डिसेंबरात इथे उजाडायला आठ वाजतात. मुलं अंधारात शाळेत जातात, दप्तराला चमकणाऱ्या पट्ट्या लावून. आणि हे गाणं सांगतंय अरुणोदय झाला! पहिल्या वर्षी मला ते ऐकून राग यायचा, खरंच. मग लक्षात आलं की गाणं खिडकीकडे बघायला सांगतच नाही. ते उठवायचं काम करतंय. गोठ्यात गाई थांबल्यात, कामं पडलीत, उठ. सूर्याचं काय, तो येईल सावकाश. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही भूपाळी लाव, स्वयंपाकघरातला दिवा आधी लावून. मार्चच्या शेवटी घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा तूच ठरव. तू मार्चमध्ये येतेयस हे बरं आहे, तुला उजेडाची बाजू आधी दिसेल. आम्ही नोव्हेंबरात उतरलो होतो. त्याबद्दल मी नवऱ्याला अजून माफ केलेलं नाही.

आता संध्याकाळ. डिसेंबरच्या मध्याला म्युनिकला सूर्य साधारण चार वीसला मावळतो. म्हणजे दुपारचा चहा पिताना अंधार. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेनऊ-नऊ झालेले असतात, आईची जेवणं उरकलेली, मालिका सुरू झालेली. फोन केला तर तिचा एक डोळा टीव्हीवर. तर या वेळेसाठी दोन गाणी आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘सांज ये गोकुळी’ रोजची. सुधीर मोघेंचे शब्द, श्रीधर फडके, आशाबाई. ती संध्याकाळ सावळी आहे पण तिच्यात माणसं, गुरं, धूळ, सगळं घराकडे परत येतंय. मी पोळ्या लाटताना लावते. दुसरं ‘भय इथले संपत नाही’. ग्रेस, हृदयनाथ, लताबाई. दूरदर्शनवर ‘महाश्वेता’ लागायची तेव्हा आपण दोघी त्या शीर्षकगीतासाठी बसायचो आणि गाणं संपलं की अभ्यासाला पळायचो, काही कळायचं नाही तरी. आता कळतं, आणि म्हणूनच सांगते, ते हिवाळ्यात आठवड्यातून एकदाच. पहिल्या हिवाळ्यात मी ते रोज ऐकलं. लागोपाठ. फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं की मी दुपारी तीनलाच पडदे ओढून घेते, अंधार व्हायची वाट न बघता. तेव्हा गाणं काढून टाकलं आणि व्हिटॅमिन डी सुरू केलं. डॉक्टरनं रक्त तपासून दिलं ते, आपल्या मनानं गोळ्या घेऊ नकोस.

एकटेपणाबद्दल तू स्पष्ट विचारलं नाहीस, पण शेवटच्या वाक्यात तेच आहे. असतो. पुढे जाऊ.

‘ये रे घना’ घे. आरती प्रभू, हृदयनाथ, आशाबाई. पण ते इथल्या जून-जुलैसाठी. लोकांना वाटतं युरोपात पाऊस हिवाळ्यातला, म्युनिकला मात्र सगळ्यात जास्त पाऊस उन्हाळ्यातच पडतो, आपल्यासारखा. गडगडाट होतो, गारा पडतात, आणि एका तासात ऊन. मातीचा वास मात्र येत नाही म्हटलं तरी चालेल, सगळीकडे गवत. एवढंच या गाण्याबद्दल.

आता कागदांचं. म्हटलं होतं लिहिणार नाही, पण एक गाणं त्यातच अडकलंय. हे आम्ही आधी राहायचो त्या गावचं, इथलं नाही. माझ्या परवान्याची मुदत ऑगस्टअखेर संपत होती. अर्ज मे महिन्यात केला होता, सगळी कागदपत्रं जोडून. त्यातही एक घोळ: माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून आहे, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि बाबांचं नाव. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. तिथल्या बाईंना वाटलं ही दोन माणसं आहेत. मी शपथपत्र दिलं, त्याचं भाषांतर दिलं, भाषांतर अधिकृत अनुवादकाकडून नव्हतं म्हणून परत आलं, परत केलं. ऑगस्ट गेला. इथे अशा वेळी एक कागद मिळतो, फिक्ट्सिओन्सबेशायनिगुंग. नाव ऐकूनच हसू येतं, पण अर्थ नीट लक्षात ठेव. आपल्याकडे सोसायटीवाल्यांना ‘मानीव अभिहस्तांतरण’ माहीत असतं ना, तसा हा मानीव दाखला. परवाना संपला आहे, पण निकाल लागेपर्यंत तो चालू आहे असं मानायचं. त्यावर राहण्याच्या कायद्याच्या 81 व्या कलमातल्या कुठल्या उपकलमाच्या चौकटीत खूण आहे ते बघायचं. चौथ्यावर असेल तर जुना परवाना आणि पासपोर्ट बरोबर घेऊन बाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्यावर असेल तर बाहेर पडलीस की परत येताना अडकशील. खिडकीवरचा माणूस हे आपणहून सांगत नाही. तू कागद हातात घेऊन तिथेच वाच, दरवाजाबाहेर जाऊन नको.

मला तो कागदच मिळेना. भेटीची वेळ मिळेना, मेलला उत्तर येईना. ऑक्टोबरात भावाच्या मुलाची मुंज होती. मी सात वेळा पहाटे उठून त्या कार्यालयाबाहेर उभी राहिले, कारण दार उघडताना पहिल्या काही लोकांना चिठ्ठी मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं. थंडीत, काचेच्या दारासमोर. आतले दिवे लागलेले, आतली माणसं कॉफी ओतून घेताना दिसत होती. त्या रांगेत मी ‘अबीर गुलाल’ ऐकायचे. चोखोबांचा अभंग, अभिषेकीबुवांचा आवाज. तू ऐकलायस शंभरदा, आषाढीला तर लाऊडस्पीकरवर. उंबरठ्याला कसं शिवू असं विचारणारा माणूस बाहेरच उभा राहून, रंग उधळत, गातोय. मला वाटायचं, बघ, हे माझंच गाणं. एकदा तर डोळ्यांतून पाणी आलं.

मग एक दिवस रांगेत माझ्यापुढे एक मुलगा होता, विशीतला, कुठल्याशा युद्धातून आलेला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच कागद. माझ्या हातात चामड्याची फाइल, त्यात पगाराच्या पावत्या. आणि मला एकदम लाज वाटली. चोखोबा पंढरपूरच्या त्या दाराबाहेर कशामुळे उभे होते आणि मी या दाराबाहेर कशामुळे! मला आत घेत नव्हते कारण मधलं नाव जुळत नव्हतं. त्यांची समाधीसुद्धा महाद्वारासमोर, नामदेवाच्या पायरीपाशी आहे, बाहेर. मी चोखोबांच्या मंगळवेढ्यापासून काही फार लांबची नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. तेव्हापासून तो अभंग ऐकते, रोज ऐकते म्हण, पण स्वतःला त्यात बसवत नाही. तूही नेच. रांगेसाठी चांगला आहे, दम देतो. फक्त तिथे उभं राहून स्वतःची फार कीव करायला लागलीस तर पुढच्या माणसाच्या हातात काय आहे ते बघ.

मानीव दाखला मिळाला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, खूण चौथ्या उपकलमावर. मुंज व्हिडिओवर पाहिली. भिक्षावळीच्या वेळी नेमकं नेट गेलं.

इथपर्यंत सगळं ठीक आहे, हसून सांगता येतं. पुढचं गाणं मी तुझ्या यादीतून दोनदा काढलं आणि दोनदा घातलं. ‘नाच रे मोरा’.

आम्ही आलो तेव्हा लेक सव्वा वर्षाची होती. तिला न्हाऊ घालताना, केस पुसताना हेच गाणं. गदिमांचे शब्द, चाल पु.लं.ची, आवाज आशाबाईंचा, ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं, 1953 सालचं. माझ्या आईनं मला, मी तिला. टॉवेलनं डोकं पुसताना ती ‘नात्त ले मोला’ म्हणायची आणि टॉवेलमधून तोंड बाहेर काढायची, मोर दिसल्यासारखं. तिसऱ्या वर्षी तिला बालवाडीत घातलं. तीन-चार महिन्यांनी तिथल्या बाईंनी आम्हाला बोलावलं. फार प्रेमळ बाई होत्या, हे मुद्दाम सांगते. म्हणाल्या, मुलगी गप्प असते, जर्मन मागे पडतंय, घरी तुम्हीही जर्मनच बोला ना थोडे दिवस. आणि आम्ही ऐकलं. दोघं इंजिनिअर, दोघांनी बी-वन परीक्षा दिलेली, ऑफिसात इंग्रजी बोलणारे. त्या जर्मनमध्ये आम्ही लेकीला वाढवायला लागलो. दीड वर्ष. ‘जेव’ म्हणायचं तर आधी मनात क्रियापद फिरवायचं. रागावताना तर हसूच यायचं, कारण रागात व्याकरण येत नाही. आणि न्हाऊ घालताना मी मोर बंद केला. त्याच्या जागी ‘आल्ले माइने एंटशेन’ सुरू केलं, इथलं पारंपरिक बालगीत, तळ्यावर पोहणाऱ्या बदकांचं. गाणं गोड आहे, त्याची काही चूक नाही.

नंतर कळलं की हा सल्लाच उलटा. भाषेचे तज्ज्ञ नेमकं हे करू नका म्हणतात. आईबापांनी स्वतःला नीट येते ती भाषा घरी भरभरून बोलावी, मूल त्या भाषेत पक्कं झालं की दुसरी त्यावर चढते. आमच्या तोडक्यामोडक्या जर्मनमधून तिला काय मिळणार होतं? आमचे लिंगाचे घोटाळे मिळाले. आणि मराठी गेली. म्हणजे कळतं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. आजीशी फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’.

आणि मग चौथी. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये प्राथमिक शाळा चारच वर्षांची, हे तुला माहीत असेलच, पण त्याचा अर्थ काय ते इथे आल्यावर कळतं. चौथीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपत्रक मिळतं. जर्मन, गणित आणि परिसर, या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी. इथे एक म्हणजे सर्वांत चांगली. 2.33 पर्यंत असेल तर थेट विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, 2.66 पर्यंत असेल तर मधली रेआलशूल, त्याच्या पुढे कामधंद्याकडे नेणारी मिटेलशूल. दहा वर्षांचं मूल! आमच्या लेकीला गणितात दोन, परिसरात तीन, जर्मनमध्ये तीन. बेरीज आठ, भागिले तीन, 2.66. जर्मनमध्ये दोन असते तर 2.33. एका विषयातला एक आकडा. मी ते पत्रक हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते आणि डोक्यात काय यावं, तर बदकं.

नवरा म्हणाला, तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात, त्यात पास झाली तर गिम्नाझियमला जाता येईल, बसवू या. लेक म्हणाली, नाही बसणार, माझ्या दोन्ही मैत्रिणी रेआलशूलला चालल्यात. आम्ही आठवडाभर भांडलो, तिच्यासमोर मराठीत, आणि तिला सगळं कळत होतं हे विसरून. शेवटी ती गेली रेआलशूलला. आता तेरा संपून चौदावं लागलंय, मजेत आहे, लाकडाच्या वर्गात तिनं पक्ष्यांसाठी खोका केला तो गॅलरीत टांगलाय. पुढे बारावीसारखी परीक्षा देऊन कॉलेजलाही जाता येतं, दारं बंद नाहीत. सल बाकी आहे तो शाळेचा नाहीच. एका प्रेमळ बाईंनी सांगितलं म्हणून मी माझ्या लेकीशी माझ्या भाषेत बोलायचं थांबवलं, आणि विचारलंही नाही की का.

म्हणून ‘नाच रे मोरा’ ने. तुझा लेक पाच वर्षांचा आहे, येताना त्याची मराठी पूर्ण घेऊन ये आणि कुणीही, कितीही गोड आवाजात सांगितलं तरी टाकू नकोस. जर्मन तो मैदानातून, बसमधून, भांडणांतून उचलेल, सहा-आठ महिने गप्प बसेल, बसू दे. शाळेत लागलं तर जर्मनच्या जादा तासाला घाल, ते शिकवणं त्यांचं काम. तू घरी ओरडशील ते मराठीत ओरड.

‘सागरा प्राण तळमळला’ मात्र नेऊ नकोस. माहीत आहे तुला आवडतं, गॅदरिंगला तूच म्हणायचीस. सावरकरांनी ते 1909 मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलं तेव्हा त्यांना परत येणं सोपं नव्हतं. आपल्याला विमान आहे, आठ-नऊ तासांत मुंबई. आपल्याला कोणी अडवलेलं नाही, आपण स्वतःहून आलोय, गृहकर्जाचा हप्ता बघून थांबलोय. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ते लागतं तेव्हा हॉलमध्ये सगळे डोळे पुसतात आणि मग बाहेर जाऊन नव्या गाडीबद्दल बोलतात. मीही त्यातलीच. पण घरी ते गाणं लावलं की मला खोटं वाटतं. तुला नसेल वाटत तर ने बापडी.

आणि मंडळावरून आठवलं. गणपतीला आरत्या लागतीलच, त्या तुला पाठ आहेत, नेण्याचा प्रश्न नाही. फक्त झांजा नेतेयस ना? मग आरती रविवारी दुपारी करू नकोस. रविवार इथे शांततेचा, आणि रात्री दहानंतर रोजच. आम्ही पहिल्या वर्षी रविवारी दुपारी बारा माणसं, दोन झांजा आणि एक टाळ घेऊन ‘सुखकर्ता’ सुरू केली. ‘घालीन लोटांगण’पर्यंत खालचे आजोबा दारात. दुसऱ्या वर्षी आठवडाभर आधी जिन्यात चिठ्ठी लावली, शनिवारी संध्याकाळी सात ते साडेसात आमचा सण आहे, आवाज होईल, मोदक खायला या. आजोबा आले. मोदक त्यांनी काट्याचमच्यानं खाल्ला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मार्चच्या आत व्हायला हवं. गाणी अ‍ॅपवर आहेत म्हणून निश्चिंत राहू नकोस. खात्यावरचा देश बदलला, इथलं कार्ड जोडलं, की यादीतली काही गाणी करड्या रंगाची होतात, वाजतच नाहीत, कारण प्रत्येक देशाचे हक्क वेगळे. नेमकी जुनी मराठीच जातात असा माझा अनुभव. म्हणून फाइली स्वतःजवळ ठेव. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुझ्या काकांच्या कपाटातल्या कॅसेट. बाजारातल्या नव्हेत गं, त्या गाण्यांच्या फाइली कुठेही मिळतील. काकांनी घरी टेप केलेल्या: तुझ्या आजीच्या ओव्या, आपल्या गल्लीतली कोजागरी, तुझं ते ‘सागरा’. त्या दुसरीकडे कुठेच नाहीत.

कसं करायचं सांगते, मी बाबांच्या अकरा कॅसेट केल्या. कॅसेट लगेच वाजवायला घालू नकोस. आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घे, वर्षानुवर्षं पडून फीत एकमेकांना चिकटलेली असते, तशीच लावली तर अडकून तुटते. खिडकीतून आत बघ, फितीमागे एक छोटी स्पंजची गादी असते, ती पडली असेल तर आवाज दबका येतो. मग कॅसेट स्क्रूवाली असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटमधली गादी बसवता येते. डेकचं हेड कापसाला स्पिरिट लावून पूस, बोळ्यावर तपकिरी येईल, ते न येईपर्यंत पूस. मग डेकमधून वायर लॅपटॉपला, `Audacity` फुकट आहे, त्यात रेकॉर्ड. घाई होत नाही यात, साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नकोस, फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, हळू आलेला वाढवता येतो. आणि खरखर काढायच्या नादाला लागू नकोस. मी पहिल्या कॅसेटची काढली तर खरखरीबरोबर आईच्या बांगड्याही गेल्या. परत पहिल्यापासून केली.

त्या अकरातल्या एका कॅसेटवर आई भूपाळी म्हणतेय, बाबांनी तिच्या नकळत टेप केलेली. दुसऱ्या कडव्यात ती मध्येच थांबते आणि ओरडते, ‘‘अगं ए, दूध गेलं बघ उतू!’’ आणि मग त्याच सुरात पुढची ओळ. ती ‘अगं ए’ मी आहे, सात-आठ वर्षांची. ही फाइल माझ्या फोनमध्ये आहे आणि सकाळी धुनीनंतर कधीकधी लागते. लेकीला भूपाळीचा एक शब्द येत नाही. पण परवा मी कॉफी ठेवून अंगणात गेले, तर आतून तिचा आवाज, ‘‘अगं ए, दूध गेलं बघ उतू!’’ आजीच्याच हेलात. दूध खरंच गेलं होतं.

जमेल का म्हणालीस. पहिली दोन वर्षं विचारू नकोस कुणाला, मलाही नको.

काकांना आजच फोन कर आणि कॅसेट उन्हात वाळवायला वगैरे ठेवू नका म्हणून सांग, ते करतील तसं. डेक बिघडलेला असेल तर माझ्या भावाकडे बाबांचा आहे, त्याला सांगून ठेवते. त्याचा पट्टा सैल झालाय, आवाज लटपटतो, तेवढा बदलून घे. अशा जुन्या डेकचे पट्टे अजून मिळतात, जुना बरोबर घेऊन जा म्हणजे मापाचा प्रश्न नाही.